पाकिटावरचे पासष्ट दिवस कुठून मोजायचे?

बियाण्याचं पाकीट हल्ली दुकानात हाताळण्याआधी मोबाइलवरच दिसतं. विक्रेत्याच्या पानावर पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो असतो, बागकाम करणारा त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवतो आणि त्यावरून ‘सप्टेंबरात पेरलं की नोव्हेंबरात टोमॅटो’ असा हिशेब मांडतो. पुढे नोव्हेंबर येतो, झाडाला जेमतेम फुलं लागलेली असतात आणि बियाणंच खराब निघालं अशी समजूत होते. बहुतेक वेळा बियाण्यात काहीच दोष नसतो. दिवस मोजायला सुरुवात चुकीच्या तारखेपासून केलेली असते.

टोमॅटोचंच उदाहरण घेऊ. संकरित टोमॅटोच्या पाकिटावर साधारण असा मजकूर असतो: उगवणशक्ती किमान ७० टक्के, पुनर्लागवड २५ ते ३० दिवसांनी, पहिली तोडणी ६० ते ६५ दिवस, अंतर ९० बाय ४५ सेंटिमीटर. यातल्या ६५ या आकड्याच्या शेजारी बारीक टायपात DAT अशी तीन अक्षरं असू शकतात. त्यांचा अर्थ ‘रोप लावल्यानंतरचे दिवस’. तिथे DAS असेल, तर ते दिवस पेरणीपासूनचे. टोमॅटो, मिरची, वांगी यांची आधी रोपं करतात आणि मग ती मोठ्या जागी हलवतात, म्हणून त्यांचे दिवस बहुधा लागणीपासून मोजलेले असतात. मेथी, कोथिंबीर, मुळा, भेंडी जिथे पेरायची तिथेच वाढते, त्यामुळे त्यांचे दिवस पेरणीपासूनचे. अक्षरं छापलेलीच नसतील, तर पीक रोपाचं आहे की जागेवर पेरायचं, एवढ्यावरून उलगडा होतो.

आता हे पुण्यातल्या पूर्वेकडच्या एका गॅलरीला लावून पाहू. पेरणी १५ सप्टेंबरला, कोकोपीट भरलेल्या ट्रेमध्ये. आठवड्याभरात, म्हणजे २२ सप्टेंबरच्या सुमारास कोंब दिसतील. पेरणीपासून २८ दिवसांनी, १३ ऑक्टोबरला, रोप कुंडीत जाईल. तिथून ६५ दिवस मोजले, की पहिली तोडणी १७ डिसेंबरला येते. तेच ६५ दिवस पेरणीपासून मोजले असते, तर १९ नोव्हेंबर ही तारीख निघाली असती. हा २८ दिवसांचा फरक म्हणजे रोप ट्रेमध्ये काढतं तो काळ.

संगणकावर तक्ता करणाऱ्यांना यासाठी दोन सूत्रं पुरतात. B2 मध्ये पेरणीची तारीख, C2 मध्ये लागणीची आणि D2 मध्ये तोडणीची:

```
C2: =B2+28
D2: =C2+65
```

पावसाळी हवेत रोपं रेंगाळली आणि लागण प्रत्यक्षात २० ऑक्टोबरला झाली, तर C2 मधलं सूत्र पुसून तिथे ती खरी तारीख लिहायची. तोडणीची तारीख आपोआप २४ डिसेंबरवर सरकते. पाकिटावरचे दिवस मोकळ्या शेतातले, भरपूर उन्हातले असतात. गॅलरीत अर्धा दिवस सावली असेल, तर आठ-दहा दिवसांची ढील आधीच धरून ठेवलेली बरी.

पेरणीसाठी सप्टेंबरच का, याचं उत्तर पाकिटावरच्या हंगामाच्या ओळीत नेहमीच मिळत नाही. तिथे खरीप, रब्बी आणि उन्हाळी असे तिन्ही हंगाम लिहिलेले असतात, कारण तेच पाकीट देशभर विकलं जातं. म्हणून महिना ठरवताना फुलांपासून मागे यावं लागतं. दुपारचं तापमान ३५ अंशांच्या आसपास जाऊ लागलं आणि रात्रीही गरम राहिल्या, की टोमॅटोचे पराग नीट काम करत नाहीत आणि फुलं फळ न धरताच गळतात. सप्टेंबरात पेरलेल्या झाडाला फुलं नोव्हेंबरात लागतात आणि तेव्हा पुण्याच्या रात्री थंड असतात. जानेवारीच्या अखेरीस पेरलं, तर तोच फुलोरा मार्च-एप्रिलच्या उन्हात सापडतो. परदेशी कंपनीच्या पाकिटावर बारा महिन्यांची रंगीत पट्टी असते. ती तिथल्या शेवटच्या हिमतुषाराच्या हिशेबाने आखलेली असल्यामुळे इथे तिच्यातले महिने सोडून द्यावेत आणि फक्त दिवस घ्यावेत.

गॅलरीची दिशा तर कोणत्याच पाकिटाला ठाऊक नसते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत ऊन खोलवर येतं आणि उत्तरेच्या गॅलरीत जवळपास येतच नाही. टोमॅटोला रोज सहा तास तरी ऊन हवं. तेवढं मिळत नसेल, तर ती जागा पालेभाजीला द्यावी.

बिया किती पेरायच्या, हे उगवणशक्तीचा टक्का सांगतो. चार झाडं हवी असतील, तर चाराला ०.७ ने भागून सहा बिया येतात. कोवळी रोपं मातीलगत सडून कोलमडतात, त्या नुकसानीसाठी दोन वाढवून आठ पेराव्यात. अंतराचा आकडा मात्र शेतातल्या सरींसाठी असतो. गॅलरीत त्याचा अर्थ एवढाच, की पंधरा-वीस लिटरच्या एका कुंडीत एकच झाड.

स्क्रीनशॉटची मर्यादा इथे येते. विक्रेत्याच्या पानावरचा फोटो एखाद्या जुन्या लॉटचा असू शकतो. त्यावरून पिकाची माहिती घ्यावी, पण लॉट नंबर, चाचणीची तारीख आणि वैधतेची मुदत घरी आलेल्या पाकिटावरच वाचावी. आणखी एक खबरदारी म्हणजे आधी फोटो मोठा करून मग स्क्रीनशॉट घ्यायचा. पडद्यावर जेवढं स्पष्ट दिसतं तेवढंच चित्रात उतरतं, नंतर मोठं केलं तर ६० आणि ८० मधला फरकही पुसट होतो.

मुदत संपत आलेली असेल, तर पेरणीच्या आठवडाभर आधी दहा बिया ओल्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवाव्यात. सात-आठ उगवल्या तर कॅलेंडर तसंच ठेवायचं. तीनच उगवल्या तर नवं पाकीट आणायला वेळ हाताशी राहतो.

कोथिंबिरीचा हिशेब वेगळा. पाकिटावर ४० ते ४५ दिवस असतात आणि कापणी फार काळ चालत नाही, म्हणून ती एकदम न पेरता पंधरा-पंधरा दिवसांनी पेरतात. धणे हलके रगडून दोन फाकी केल्या, की उगवण बरी होते. १ ऑक्टोबरची पेरणी १० ते १५ नोव्हेंबरला कापणीला येते, तर १६ ऑक्टोबरची २५ ते ३० नोव्हेंबरला. फेब्रुवारीनंतर पेरलेली कोथिंबीर ऊन वाढताच पानांऐवजी फुलोऱ्यावर जाते, त्यामुळे तक्त्यातली तिची ओळ जानेवारीअखेरच्या पेरणीशी थांबवावी.

टोमॅटोच्या ओळीची लांबी जातीवर ठरते. पाकिटावर Determinate असेल, तर झाड बुटकं राहतं आणि बहुतेक फळं काही आठवड्यांतच देऊन टाकतं. Indeterminate असेल, तर ते आधार धरून वाढत जातं आणि ऊन तापेपर्यंत थोडी थोडी फळं देत राहतं. पहिल्या प्रकारच्या कुंड्या फेब्रुवारीत रिकाम्या होऊ लागतात. तिथे १ मार्चला भेंडी पेरली, तर तिचे ४५ ते ५० दिवस थेट पेरणीपासून मोजायचे. म्हणजे पहिली तोडणी १५ ते २० एप्रिलच्या दरम्यान, आणि तिथून पुढे दर दोन दिवसांनी, कारण त्याहून जास्त राहिलेली भेंडी जून होते.