रात्री बारानंतरची गाडी आणि तिकिटावरची तारीख

समजा, शनिवारी रात्री तुमची गाडी २३:५० ला भुसावळला पोहोचते आणि पुढची ००:२० ला सुटते. मध्यरात्रीपर्यंत १० मिनिटं, पुढे २०, म्हणजे हातात अर्धा तास. पण ००:२० ला रविवार लागलेला असतो, त्यामुळे दुसरं तिकीट रविवारचंच हवं. शनिवारचं काढलंत, तर ती गाडी आदल्याच रात्री गेलेली असते! ही चूक फलाटावर कळते, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

आणखी एक गोष्ट. ही दुसरी गाडी मूळ स्थानकावरून शनिवारी संध्याकाळी निघाली असेल, तर वेळापत्रकात भुसावळसमोर ‘दिवस २’ दिसेल. तिकीट मात्र तुम्ही चढता त्या स्थानकाच्या तारखेचं असतं. पूल ओलांडायचा असेल, तर अर्धा तास मला कमीच वाटतो.