व्हीआर गेममध्ये पाच मिनिटांत मळमळतंय? हेडसेट कपाटात टाकण्याआधी या तीन सेटिंग बघा

एसटी घाटात वळायला लागली की काही जणांना गाडी लागते. त्यात कोणी मान खाली घालून मोबाईल बघत असेल, तर विचारायलाच नको. कारण कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण वळतोय, हलतोय. डोळ्यांसमोरचा मोबाईल मात्र स्थिर असतो. दोघांचे निरोप जुळत नाहीत आणि पोटात ढवळायला लागतं.

व्हीआर गेममध्ये नेमकं याच्या उलट होतं. तुम्ही हॉलमध्ये एका जागी उभे असता, पण डोळ्यांना दिसतं की आपण गल्लीतून पळतोय. डोळे म्हणतात हललो, कान म्हणतो कुठे हललो? म्हणजे गाडी नसताना गाडी लागते. हे सगळ्यांना सारखं होत नाही, पण ज्यांना होतं त्यांचा हजारो रुपयांचा हेडसेट आठवड्याभरात कपाटात जाऊन बसतो.

म्हणून बऱ्याच गेममध्ये 'कम्फर्ट' नावाचा सेटिंगचा एक भाग असतो. त्यातल्या सेटिंग वेगवेगळ्या दिसल्या, तरी त्यांचं काम एकच आहे. शरीराला न जाणवणारी हालचाल डोळ्यांना कमीत कमी दाखवायची.

पहिली सेटिंग, स्नॅप टर्न

सगळ्यात जास्त त्रास चालण्यापेक्षा वळण्याने होतो. कंट्रोलरची दांडी उजवीकडे ढकलली की सगळं जग तुमच्याभोवती गरकन फिरतं. डोकं मात्र तिथेच असतं. कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्या खास वळणं ओळखण्यासाठीच असतात आणि त्यांना काहीच जाणवलेलं नसतं.

स्नॅप टर्न हे फिरणंच काढून टाकतं. दांडी ढकलली की दृश्य एका झटक्यात 30 किंवा 45 अंशांनी बदलतं, मधलं काही दिसत नाही.

साधं गणित करून बघू. तुम्हाला काटकोनात, म्हणजे 90 अंश वळायचंय. सलग वळण्याचा वेग सेकंदाला 90 अंश असेल, तर पूर्ण एक सेकंद डोळ्यांना खोटं फिरणं दिसतं. स्नॅप टर्नमध्ये 30 अंशांचे तीन झटके पुरतात. प्रत्येक झटका एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंतचा, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागाइतका. मेंदूला 'मी फिरतोय' असं वाटायला वेळच मिळत नाही.

याचा तोटाही आहे. मोठा झटका बसला की आपण नक्की कुठे बघतोय, हे क्षणभर कळत नाही. तसं होत असेल तर 45 वरून 30 अंशांवर या. आणि शक्य असेल तेव्हा स्वतःच उभ्याने किंवा फिरत्या खुर्चीवर वळा. डोळे आणि कान दोघांनाही खरं वळण मिळतं, त्यामुळे तक्रारच राहत नाही.

दुसरी सेटिंग, विन्येट

आपण समोर बघत असलो तरी हालचालीचा अंदाज मोठ्या प्रमाणावर नजरेच्या कडेवरून घेतो. रेल्वेच्या खिडकीत बसल्यावर शेजारची गाडी सरकली की आपलीच सुटली असं वाटतं, तेव्हा हीच कडेची नजर फसलेली असते.

विन्येट म्हणजे तुम्ही दांडी ढकलून चालायला लागलात की दृश्याच्या कडा गोलाकार काळ्या होतात, थांबलात की पुन्हा उघडतात. पुंगळीतून बघितल्यासारखं. समोरचं दिसत राहतं, पण कडेने सरकणारं जग झाकलं जातं.

2016 मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या अजॉय फर्नांडिस आणि स्टीव्हन फायनर यांनी यावर प्रयोग केला. दृश्याची रुंदी हळूहळू कमी-जास्त केली, तर लोकांना त्रास कमी होतो आणि बहुतेकांच्या ते लक्षातही येत नाही, असं त्यांना दिसलं. त्याच वर्षी आलेल्या गूगल अर्थ व्हीआरमध्येही ही युक्ती आहे. शहरावरून उडताना दृश्य छोटं होतं आणि भोवती स्थिर रेघांची जाळी दिसते. ती जाळी हलत नाही, त्यामुळे डोळ्यांना एक पक्का आधार मिळतो.

तिसरी गोष्ट, स्थिर फ्रेम रेट

वरच्या दोन्ही सेटिंग लावूनही, नुसतं उभं राहून इकडेतिकडे बघताना त्रास होत असेल, तर दोष बहुतेक वेळा इथे असतो.

90 हर्ट्झच्या हेडसेटला दर सेकंदाला 90 चित्रं लागतात, म्हणजे एका चित्रासाठी साधारण 11 मिलिसेकंद. कॉम्प्युटरला तेवढ्यात चित्र तयार करता आलं नाही, तर तुम्ही मान वळवता आणि जग मागून ओढल्यासारखं येतं. आता मान तर खरंच वळली आहे, कानाला ते कळलंही आहे, आणि डोळेच मागे पडले आहेत.

हेडसेट यावर मलमपट्टी करतो. नवं चित्र आलं नाही तर जुनंच मानेच्या दिशेनुसार सरकवून दाखवतो. त्याने दूरचे डोंगर ठीक दिसतात, पण स्वतःचे हात आणि जवळच्या वस्तू थरथरतात किंवा दुहेरी दिसतात.

ओळखायची पद्धत सोपी आहे. गेममध्ये एखाद्या खांबावर नजर ठेवा आणि मान हळू डावी-उजवी करा. खांब जागेवर राहिला तर ठीक. दुहेरी दिसला किंवा लटपटला, तर ग्राफिक्स कमी करा. आधी सावल्यांचा दर्जा उतरवा, मग रिझोल्युशन. अधूनमधून 120 ला पोहोचणाऱ्या आणि मध्येच कोसळणाऱ्या फ्रेम रेटपेक्षा कायम टिकणारा 72 किंवा 90 बरा.

सुरुवात कशी करायची?

2020 मध्ये आलेला व्हॉल्व कंपनीचा हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स हा गेम घेऊ. सुरुवातीला तुम्ही एका बाल्कनीत उभे असता. तिथेच खांबाची चाचणी करून घ्या. चालण्यासाठी 'ब्लिंक' निवडा. त्यात तुम्ही जागा दाखवता, क्षणभर अंधार होतो आणि तुम्ही तिथे पोहोचता. सरकणं दिसतच नाही. वळण्यासाठी झटक्याचा पर्याय ठेवा.

काही दिवस त्रास झाला नाही, तर 'शिफ्ट' वापरून बघा. यात अंधार न होता तुम्ही त्या जागेपर्यंत झर्रकन सरकता. तेही जमलं, तर दांडीने सलग चालणं. एका वेळी एकच सेटिंग बदला, नाहीतर कशामुळे त्रास झाला हे कळणार नाही. सलग वळणं सगळ्यात शेवटी. ते कधीच जमलं नाही तरी चालेल, वर्षानुवर्षं खेळणारे अनेक जण स्नॅप टर्नवरच खेळतात.

रोलर कोस्टर किंवा विमानाच्या गेममध्ये या सेटिंगची मदत मर्यादित असते, कारण तिथे सतत हलणं हाच खेळ आहे. नवख्याने त्यापासून सुरुवात करू नये.

आणि एक चूक टाळा. कपाळावर घाम, तोंडात लाळ किंवा अंगात अचानक उष्णता जाणवली की लगेच हेडसेट काढा. 'दोन मिनिटं सहन केलं की सवय होईल' असं होत नाही. उलट त्रास तासन् तास टिकू शकतो, आणि पुढच्या वेळी हेडसेट हातात घेतल्यावरच नकोसं वाटायला लागतं. पूर्ण बरं वाटेपर्यंत गाडीही चालवू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा मिनिटं खेळा, आणि मळमळ सुरू होण्याआधीच थांबा.