एकाआड एक पिढी : नावांवरून नाती लावताना

छत्रपती शिवाजी महाराजांना शिवाजी याच नावाचे दोन नातू होते. संभाजीराजांचा मुलगा १६८२ च्या मे महिन्यात गांगवलीला जन्मला, तेव्हा महाराजांना जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलाचं नाव आजोबांचं ठेवलं गेलं. पुढे शाहू म्हणून जो गादीवर आला, तो हाच. राजाराम महाराज आणि ताराबाईंना १६९६ मध्ये मुलगा झाला, त्याचंही नाव शिवाजी ठेवलं. १७०७ मध्ये शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि राज्यावर हक्क सांगणारे दोघे चुलतभाऊ समोरासमोर आले. दोघेही जन्मनावाने शिवाजीच होते.

यात योगायोग काही नाही. वडील वारल्यावर मुलगा आपल्या मुलाला त्यांचं नाव देतो, ही आपल्याकडची जुनी रीत. एका आजोबांना दोन मुलगे असले, तर दोन्ही घरांत त्याच नावाचा नातू होणं साहजिक. म्हणूनच जुन्या कागदांतून वंशावळ लावणाऱ्याला एकच नाव पुन्हा पुन्हा भेटतं. ज्या रीतीमुळे हा घोळ होतो, ती नीट समजली तर घोळ सोडवायलाही तीच कामी येते.

चुलतभावांचा गुंता सोडवणं तसं सोपं आहे. मराठी कागदांत माणूस वडिलांच्या नावासकट येतो. कधी नुसती दोन नावं जोडलेली असतात, कधी मध्ये ‘बिन’ किंवा ‘वलद’ असतं. शिवाजी बिन संभाजी आणि शिवाजी बिन राजाराम हे दोघे एक असूच शकत नाहीत. दोन नोंदींत नाव एक, वडील वेगळे आणि काळ जवळपास तोच असेल, तर चुलतभाऊ मानून शोध सुरू करावा. त्यांच्या नावाचा आजोबा वरच्या कागदांत सापडला की दोन्ही फांद्या एका खोडाला लागतात.

आजोबा आणि नातू यांच्यात मात्र वडिलांचं नाव आपल्याला दगा देतं. पेशव्यांचं घराणं पाहा. या घराण्यातल्या पहिल्या पेशव्यांचे वडील विश्वनाथ, म्हणजे बोलण्यात विसाजी. त्यांचे पुत्र बाळाजी विश्वनाथ. बाळाजींच्या थोरल्या मुलाला आजोबांचं नाव मिळालं, विसाजी; इतिहास त्याला बाजीराव म्हणतो. बाळाजी विश्वनाथ १७२० च्या एप्रिलमध्ये सासवडला वारले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात बाजीरावांना मुलगा झाला. त्याचं नाव बाळाजी, म्हणजेच नानासाहेब पेशवे. विसाजी, बाळाजी, विसाजी, बाळाजी अशी ही साखळी आहे. बाजीराव हे नाव रूढ झालं नसतं, तर पहिले आणि तिसरे पेशवे दोघेही कागदोपत्री ‘बाळाजी विसाजी’ झाले असते.

सामान्य घरात असं वेगळं नाव रूढ होत नाही. तिथे तारीख, भाऊ आणि बायको यांच्यावरच भिस्त ठेवावी लागते. समजा, एका गावच्या पाटीलकीच्या कागदात १८२० मध्ये ‘राणोजी बिन सटवाजी’ आहे आणि १८७५ मध्ये पुन्हा ‘राणोजी बिन सटवाजी’ आहे. एक पिढी साधारण पंचवीस ते तीस वर्षांची धरली, तर तीच जोडी पन्नास-साठ वर्षांनी परत यायला हवी, आणि इथे अंतर पंचावन्न वर्षांचं आहे. आता मधल्या काळात ‘सटवाजी बिन राणोजी’ शोधायचा. १८४५-५० च्या सुमारास तो सापडला, तर दोन राणोजी असल्याची शंका बळावते. पहिल्या राणोजीबरोबर सही-निशाणी करणारे भाऊ आणि दुसऱ्याबरोबरचे भाऊ वेगळे निघाले, तर ती आणखी पक्की होते. पहिल्याच्या विधवेने वारस म्हणून मुलगा सटवाजी याचं नाव लावल्याचा कागद मिळाला, की प्रश्नच मिटतो. हे न तपासता दोन राणोजी एक केले, तर मधला सटवाजी एकाच माणसाचा बापही ठरतो आणि मुलगाही. वंशावळीत असा अशक्य माणूस दिसला की समजावं, आजोबा-नातू एकत्र झाले आहेत.

या रीतीला आणखी एक धागा जोडलेला आहे. सासऱ्याचं नाव सुनेने घ्यायचं नाही आणि नवऱ्याचं नाव बायकोने घ्यायचं नाही, असा रिवाज होता. मग आजोबांचं नाव मिळालेल्या मुलाला घरातल्या बायका हाक कशी मारणार? म्हणून नाना, बापू, अण्णा, तात्या, दादा. बाळाजी बाजीराव घरात नाना झाले. नाना फडणवीस म्हणजे बाळाजी जनार्दन भानू, आणि त्यांचे आजोबा बाळाजी महादेव भानू. हे बाळाजी महादेव वेळासहून आले आणि पहिल्या पेशव्यांच्या पदरी राहिले. म्हणजे एकाच दरबारातले हे दोन नाना, आणि दोघांचंही खरं नाव आजोबांचं, बाळाजी. खासगी पत्रातला ‘नाना’ आणि दप्तरातला ‘बाळाजी’ यांची गाठ घालायची असेल, तर त्या घरात आजोबांचं नाव काय होतं हे आधी पाहावं.

ही रीत मोडणारी कारणंही ठरलेली आहेत. पहिलं नवस. शहाजीराजे आणि शरीफजी ही नावं मालोजींनी नगरच्या शाह शरीफ पिराला केलेल्या नवसावरून आली, असं परंपरा सांगते. त्यांत आजोबा बाबाजींचं नाव नाही. दुसरं अकाली मृत्यू. १६८९ मध्ये संभाजीराजे मारले गेले आणि १६९८ मध्ये राजसबाईंच्या पोटी जन्मलेल्या राजारामपुत्राचं नाव संभाजी ठेवलं गेलं. थोरले माधवराव १७७२ मध्ये वारले आणि १७७४ मध्ये नारायणरावांच्या मुलाला माधवराव हे नाव मिळालं. अशा ठिकाणी नाव आजोबांचं नसून दिवंगत काकांचं असतं. नाव आजोबांचंच असणार असं गृहीत धरलं, तर काकाला आजोबा करून आपण एक खोटी पिढी घुसडतो.

तिसरं कारण दत्तक. दत्तक मुलगा कागदात दत्तक पित्याच्या नावाने येतो, पण त्याचं स्वतःचं नाव जन्मघरातल्या आजोबांचं असू शकतं. शाहूंच्या मागून दत्तक म्हणून गादीवर आलेले रामराजे म्हणजे राजाराम, आणि ते ताराबाईंच्या शिवाजीचे पुत्र म्हणून पुढे आणले गेले. राजाराम, शिवाजी, राजाराम अशी साखळी चोख जुळते. तरीही हा आपला नातू नव्हे, असं ताराबाईंनीच पुढे जाहीर केलं. नावांच्या साखळीवरून शोधाची दिशा कळते, नातं सिद्ध होत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत ही वाट लवकर संपते, कारण लग्नात नाव बदलायचं. माहेरी आजीचं नाव मिळालेली मुलगी सासरच्या कागदात वेगळ्याच नावाने दिसते. तिचा माग काढायला माहेरचं गाव आणि आडनाव लागतं.

आपल्या घरची वंशावळ लावायला बसणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. तीर्थक्षेत्रातल्या उपाध्यायांची वही, गावची जन्म-मृत्यू नोंद, फेरफार आणि शाळेचा दाखला यांतली प्रत्येक नोंद वेगळ्या चिठ्ठीवर उतरवा. त्यावर नाव, वडिलांचं नाव, साल, गाव आणि बरोबर आलेली माणसं लिहा. एकाच नावाच्या चिठ्ठ्या पुरावा मिळेपर्यंत एकत्र करू नका. आणि घरात ऐंशी-नव्वदीची आत्या किंवा आजी असेल, तर तिला आधी विचारा की कोणाचं नाव कोणावरून ठेवलं आणि त्या वेळी कोण हयात नव्हतं. कागद दप्तरात पुढच्या वर्षीही असतील.