विस्फारणारी मालिका, नेमके उत्तर

१८व्या शतकात ऑयलरने एका मालिकेचा बारकाईने विचार केला: १ − १!x + २!x² − ३!x³ + … शून्य सोडून x कितीही लहान घ्या, फॅक्टोरियल शेवटी घातांकावर मात करतो आणि मालिका विस्फारते. तरीही ती ∫₀^∞ e⁻ᵗ/(1+xt) dt या सांत संकलाचे उत्तम अंदाज देते.

x = ०.१ घेऊ. nवे पद आधीच्या पदाच्या n/१० पट असते. म्हणून पदे आधी घटतात, दहाव्या पदाशी सर्वांत लहान, ०.०००३६ होतात आणि मग वाढतात. पंचविसावे पद १.५च्या पुढे जाते. नवव्या पदापर्यंतची बेरीज ०.९१५४६ येते. खरे उत्तर ०.९१५६३ आहे.

असे का होते? 1/(1+xt) ची भूमितीय मालिका t < १० असेपर्यंतच अभिसरते. त्यापलीकडे ती चुकीची ठरते, पण तिथे e⁻ᵗ फार लहान असतो. मोजकी पदे घेतली तर त्या भागाचा वाटा नगण्य राहतो. पदे वाढली की tⁿ त्याला फुगवतो.

या मालिकेत थांबल्यावरची चूक पहिल्या वगळलेल्या पदाहून लहान असते. म्हणून सर्वांत लहान पदाच्या आधी थांबावे. त्यापेक्षा अधिक अचूकता या बेरजेतून मिळण्याची खात्री नसते. x = १ असेल, तर पदे घटतच नाहीत आणि ही युक्ती निरुपयोगी ठरते.