वीस वर्षांनंतरच्या फोटोखाली काय लिहावं?

२००५ साली दहावी झालेल्या तुकडीचा स्नेहमेळावा २०२५ मध्ये भरला, फोटो निघाला आणि खाली ओळ सुचली: ‘जुन्या आठवणी, जुने मित्र!’ ही ओळ कुठल्याही शाळेच्या फोटोखाली चालेल, म्हणूनच ती या फोटोची होत नाही.

आधी फोटो नीट पाहावा. मागच्या बाकावरची मुलं आजही मागच्याच रांगेत उभी आहेत. पुढे खुर्चीवर बाई बसल्यात आणि त्यांच्या मागे दोघं कुजबुजताहेत. आता लिहा: ‘दहावी ब, २००५. वीस वर्षं झाली, पण मागचा बाक मागेच आहे आणि बाईंची पाठ वळताच गप्पा सुरू!’ पहिल्या तुकड्यात तुकडी आणि साल आलं, दुसऱ्यात गेलेला काळ, शेवटी सगळ्यांची मिळून एक खोडी.

गंमत सवयीची करावी, शरीराची नाही. टक्कल, पोट किंवा पांढऱ्या केसांवरचा विनोद एकालाच टोचतो. बाकीचे हसतात, तो मात्र पुढच्या भेटीला येत नाही. एखाद्याचे जुने गुण, नापास होणं किंवा चिडवायचं नावही टाळावं. शंका असेल तर ओळ आधी त्यालाच दाखवावी.

ओळीखाली डावीकडून उजवीकडे, रांगेप्रमाणे नावं आणि फोटोची तारीख लिहावी. मुलींची लग्नाआधीची आडनावंही द्यावीत, कारण हजेरीत तीच होती.