हात वर न करणारे पाच देश

वर्गात सुरक्षा परिषद भरवायची तर काल्पनिक देश नकोत. खरा दिवस घ्यावा: १७ मार्च २०११. लिबियात गद्दाफींचं सैन्य बेनगाझीच्या दिशेने निघालं होतं, १२ मार्चला अरब लीगने उड्डाणबंदीची मागणी केली होती आणि त्या वर्षी भारत परिषदेत अस्थायी सदस्य होता.

पंचेचाळीस मुलं असतील तर प्रत्येक देशाला तिघं: एक बोलणारा, एक मसुदा लिहिणारा आणि एक इतर टेबलांवर जाऊन बोलणी करणारा. अध्यक्षपद चीनच्या गटाकडे, कारण त्या महिन्यात ते खरोखर चीनकडे होतं. दोन तास सलग लागतात. पहिला जवळजवळ सगळा बोलण्यांत जातो, आणि जाऊ द्यावा.

नियम मोजकेच. ठरावाला किमान ९ होकार हवेत. पाच स्थायी सदस्यांपैकी एकाचाही नकार आला की ठराव पडतो, पण तटस्थ राहणं म्हणजे नकार नव्हे. हा शेवटचा नियम मुलांना सुरुवातीला पटत नाही.

खेळाचा जीव आहे तो प्रत्येक गटाच्या गुप्त चिठ्ठीत. तीत दोन मागण्या आणि एक लक्ष्मणरेषा असते. प्रत्येक मागणी मसुद्यात आली की ४ गुण, आपण सुचवलेली दुरुस्ती मंजूर झाली की ३, भाषणाला जास्तीत जास्त २. लक्ष्मणरेषा ओलांडली की ६ वजा. ठराव मंजूर झाला म्हणून कुणालाच गुण नाहीत. ते ठेवले की मुलं मैत्रीखातर एकमेकांना होकार देऊन मोकळी होतात, हे मी पाहिलंय.

भारताच्या चिठ्ठीत लिहावं: परकी फौज लिबियाच्या भूमीवर उतरू नये, संयुक्त राष्ट्रांच्या दूताच्या अहवालाची वाट पाहावी, आणि बळाच्या वापराला होकार द्यायचा नाही. समजा, गटाने पहिली मागणी स्वतःच्या दुरुस्तीने मिळवली, दुसरी हुकली, भाषण बरं झालं आणि मतदानात तो तटस्थ राहिला. गुण ४, ३ आणि २, म्हणजे ९.

चीनच्या लक्ष्मणरेषेवर ‘अरब लीगची मागणी सरळ धुडकावू नका’ असं लिहिलं, की नकाराधिकार हातात असूनही मुलं तो वापरायला कचरतात. मग खरी धावपळ आफ्रिकेच्या टेबलांकडे वळते. प्रत्यक्षात १० होकार पडले. चीन, रशिया, जर्मनी, ब्राझील आणि भारत तटस्थ राहिले. नायजेरिया आणि दक्षिण आफ्रिका सरकले असते, तर आठच होकार उरले असते आणि नकाराधिकाराशिवाय ठराव पडला असता. फळ्यावर ही बेरीज मुलांकडूनच करून घ्यावी.

शेवटी ठराव १९७३ मधलं चौथं कलम वाचून दाखवावं: नागरिकांच्या रक्षणासाठी ‘आवश्यक ते सर्व उपाय’, पण कब्जा करणारी परकी फौज नको. दोन दिवसांनी हवाई हल्ले सुरू झाले. आता प्रत्येक गटाने आपला मसुदा काढून, त्यातल्या कुठल्या शब्दाने असं करायला वाव राहिला असता, त्याखाली लाल रेघ मारायची.