परवाना आणि परदेश : पहिल्या तारखेचा दाखला

मागच्या लेखाच्या अखेरीस टोरोंटोच्या महामार्गावरील अंतिम चाचणीचे सविस्तर वर्णन करण्याचे मी कबूल केले होते. परंतु मध्यंतरी पापडीहून एका वाचकांचे जे पत्र आले, त्यातील प्रश्न इतका मूलभूत आहे की तो सोडविल्यावाचून महामार्गावर चढणे मला प्रशस्त वाटत नाही. चाचणीचे वर्णन म्हणून पुढील आठवड्यावर टाकतो.

या वाचकांचा भाचा ओंटॅरिओ प्रांतातील ब्रॅम्प्टन येथे नोकरीनिमित्त गेला आहे. नालासोपारा ते अंधेरी हा प्रवास त्याने कैक वर्षे स्वतःच्या मोटारीने केला असून तेथील चाळीस प्रश्नांची लेखी परीक्षाही तो पहिल्याच खेपेस उत्तीर्ण झाला. असे असताना पूर्ण परवान्यासाठी वर्षभर थांबण्यास त्याला का सांगण्यात आले, असा मामांचा सवाल आहे. परवान्याची नक्कल त्यांनी सोबत जोडली, आणि ती पाहताच उलगडा झाला.

ओंटॅरिओत परवान्याच्या तीन पायऱ्या आहेत, हे नियमित वाचकांना स्मरत असेल. जी-१ म्हणजे शिकाऊ, जी-२ म्हणजे मधला आणि जी म्हणजे पूर्ण. एका पायरीवरून दुसरीवर जाण्यास सामान्यतः बारा-बारा महिने लागतात. नवागताने मायदेशी केलेल्या वाहनचालनाचा काळ या मुदतीतून वजा होतो खरा, परंतु केवळ परवाना दाखवून आणि स्वतःच्या निवेदनावर जास्तीत जास्त बारा महिनेच पदरात पडतात. त्याहून अधिक काळ मागावयाचा, तर परवाना देणाऱ्या मूळ कार्यालयाचे अथवा आपल्या वकिलातीचे प्रमाणपत्र समोर ठेवावे लागते. ते असले आणि चोवीस महिन्यांहून अधिक अनुभव त्यातून सिद्ध झाला, तर मधली पायरी ओलांडून थेट पूर्ण परवान्याची चाचणी देता येते. भाच्यापाशी असे पत्र नव्हते. त्यामुळे पहिल्या पायरीचे बारा महिने माफ झाले, जी-२ ची चाचणी त्यास लगेच देता आली, परंतु दुसऱ्या पायरीचे बारा महिने तसेच अंगावर राहिले. कोणी अन्याय केला नाही. दप्तरी पुरावा नव्हता, इतकेच.

आता त्या नकलेविषयी. कार्डाच्या दर्शनी भागावर Issue Date म्हणून २०२३ सालची तारीख आहे, कारण त्या वर्षी घर बदलल्यामुळे पत्ता दुरुस्त करून नवे कार्ड घेतले गेले. मूळ तारीख Date of First Issue या निराळ्या शीर्षकाखाली छापलेली असते, आणि परक्या देशातील टेबलावर बसलेल्या मनुष्याची दृष्टी पहिल्या तारखेवरून दुसरीकडे वळेलच अशी शाश्वती नाही. शिवाय वाहनाच्या प्रत्येक वर्गाची तारीख स्वतंत्र असते. या तरुणाने मोटरसायकलचा परवाना २०१४ मध्ये काढला, आणि मोटारीचा वर्ग त्यास ४ जुलै २०१६ रोजी जोडला गेला. म्हणजे एकाच माणसाच्या एकाच परवान्यात २०१४, २०१६ आणि २०२३ अशी तीन वर्षे नांदत आहेत, आणि मोटारीच्या चाचणीसाठी त्यांपैकी मधलेच तेवढे कामाचे आहे.

या तीन तारखांचा गुंता सोडविणारा कागद म्हणजे परवान्याचा उतारा. जमिनीचा सात-बाराचा उतारा जसा तलाठ्याच्या दप्तरातून निघतो, तसाच हा परिवहन कार्यालयाच्या दप्तरातून निघतो. त्यात धारकाचे नाव, परवाना क्रमांक, प्रत्येक वर्गाची तारीख आणि वैधतेची मुदत नमूद असते. `sarathi.parivahan.gov.in` या शासकीय स्थळावर महाराष्ट्र राज्य निवडून परवान्याच्या सेवांमध्ये DL Extract हा पर्याय घ्यावयाचा, फी भरावयाची आणि वसईकरांनी पुढील पाठपुरावा विरार पूर्वेच्या आपल्या कार्यालयात करावयाचा. उतारा हाती पडताच त्यावरील नाव पारपत्राशी अक्षरशः ताडून पाहावे, कारण आपल्याकडे वडिलांचे नाव कधी मध्ये येते, कधी गळते, आणि पारपत्रावर आडनाव निराळ्या रकान्यात आरंभी असते, तर परवान्यावर त्याची जागा वेगळी असू शकते. प्रमाणपत्रात तारखेतील महिना अक्षरांत लिहून घेण्याचाही आग्रह धरावा. ०४-०७-२०१६ हे आपल्याला ४ जुलै वाटते, पण उत्तर अमेरिकेत तेच आकडे ७ एप्रिल म्हणून वाचले जाण्याचा संभव असतो.

येथे माझ्या जिव्हाळ्याच्या एका विषयाकडे वळल्यावाचून राहवत नाही, आणि तो म्हणजे जुनी पुस्तके. आमच्या तालुक्याला एमएच-४८ हा संकेतांक मिळण्यापूर्वी वसईची माणसे परवान्यासाठी ठाण्याला जात, आणि त्यांच्या परवान्यांवर आजही एमएच-०४ असते. त्यांपैकी कित्येकांपाशी कार्ड नसून हस्तलिखित नोंदींचे, शिक्क्यांनी भरलेले लहानसे पुस्तक आहे. माझ्या शेजारच्या एका गृहस्थांनी असेच पुस्तक घेऊन उतारवयात मुलाकडे जाण्याचे ठरविले, तेव्हा संगणकात त्यांचा क्रमांक टाकल्यावर कोणतीच नोंद सापडेना. पुस्तक अस्सल होते, शिक्का स्पष्ट होता, परंतु ती नोंद कागदी नोंदवहीतून संगणकात कधी चढलीच नव्हती. अशा नोंदीला कार्यालयात ‘बॅकलॉग’ म्हणतात. ज्या कार्यालयाने परवाना दिला तेथेच मूळ पुस्तक दाखवून ती चढवून घ्यावी लागते, आणि ती चढल्याशिवाय उतारा निघत नाही. वकिलातीलाही पडताळणीस आधार उरत नाही. हे काम ठाण्यात समक्ष उभे राहून होते, परदेशातून होणे फार दुष्कर. म्हणून ज्यांच्या घरी पुस्तक आहे, त्यांनी तिकीट काढण्यापूर्वी क्रमांक टाकून पाहावा.

परवान्याच्या वयाला केवळ कॅनडातच मोल आहे असे नाही. वसईतील कित्येक घरांचा ज्या दुबईशी जुना ऋणानुबंध आहे, तेथेही प्रशिक्षणाचे तास त्यावरूनच ठरतात: नवशिक्यास वीस, दोन ते पाच वर्षे जुना परवाना असणाऱ्यास पंधरा, त्याहून जुन्यास दहा. तासांची फी भरताना हा फरक चांगलाच जाणवतो.

पुष्कळ जण विचारतात की आंतरराष्ट्रीय परवाना काढला असता हे सारे टळले नसते काय. टळले नसते. विरारला मिळणारे ते पुस्तक एक वर्षापुरते असून आपल्या परवान्याचा अनुवाद एवढेच त्याचे स्वरूप आहे. कोणत्या साली गाडी हाती घेतली, याची साक्ष ते देत नाही. भाड्याची गाडी घेऊ पाहणाऱ्या प्रवाशाला ते उपयोगी पडते. ओंटॅरिओत स्थायिक होणाऱ्याला मात्र परदेशी परवान्यावर साठच दिवस गाडी चालविता येते.

मामांना मी उताऱ्याचा मार्ग कळविला, तेव्हा त्यांनी नवीच अडचण पुढे केली. अर्ज भरताना येणारा सांकेतिक आकडा परवान्याशी जोडलेल्या भारतीय भ्रमणध्वनी क्रमांकावरच येतो, आणि परदेशी गेलेली बहुतेक मुले तो क्रमांक दोन-तीन महिन्यांत बंद पडू देतात. या भाच्याने तो आईच्या फोनमध्ये घालून ठेवला होता. परवा रात्री साडेनऊला, ब्रॅम्प्टनमध्ये दुपार असताना, आईने पापडीच्या स्वयंपाकघरातून सहा आकडे मोठ्याने वाचले, मुलाने ते तिकडे टंकित केले आणि अर्ज दाखल झाला.